स्क्रीनशॉटमधली अक्षरं वाटेत कुठे पुसतात?

चाळीस सदनिकांची एक सोसायटी आहे असं धरू. खजिनदार मोबाइलवर देखभाल खर्चाची यादी उघडतो आणि स्क्रोल करत करत तिचा एक लांबलचक स्क्रीनशॉट घेतो. नाव, सदनिका क्रमांक, भरलेली रक्कम आणि लाल अक्षरांत बाकी, असे चार रकाने त्यात आहेत. तो स्क्रीनशॉट सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो आणि पाच मिनिटांत निरोप येऊ लागतात : ‘काही वाचता येत नाही’, ‘परत पाठवा’. खजिनदार आपल्या गॅलरीतली प्रत मोठी करून बघतो, तर तिथे प्रत्येक आकडा लख्ख दिसतो. तो तोच स्क्रीनशॉट पुन्हा तसाच पाठवतो आणि पुन्हा तेच घडतं.

खजिनदाराच्या फोनमधली फाइल आणि सभासदांपर्यंत पोहोचलेली फाइल या मुळात दोन वेगळ्या फायली आहेत. चित्र ‘फोटो’ म्हणून निवडलं की अ‍ॅप ते पाठवण्याआधी त्याची हलकी प्रत तयार करतं. डेटा कमी लागावा आणि फोटो पटकन उघडावा, हा त्यामागचा हेतू. ही प्रत दोन पायऱ्यांनी बनते आणि बारीक अक्षरांना दोन्ही पायऱ्यांवर फटका बसतो.

पहिली पायरी आकार कमी करण्याची. व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या दर्जात फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली आणली जाते. आजकालच्या बऱ्याच फोनचा साधा स्क्रीनशॉट १०८० बाय २४०० पिक्सेलचा असतो. तो आक्रसून ७२० बाय १६०० होतो. अक्षरं दोन-तृतीयांश उरतात, तरी मोठ्या टायपातला मजकूर वाचता येतो. खजिनदाराची यादी मात्र १०८० बाय ६००० पिक्सेलची आहे. तिची उंची १६०० वर आणायची तर रुंदीही त्याच प्रमाणात घटते आणि जेमतेम २८८ पिक्सेल उरते. मूळ चित्रात ३० पिक्सेल उंच असलेला आकडा आता ८ पिक्सेलचा झाला. सुमारे ६५ लाख ठिपक्यांच्या चित्रातून साडेचार लाख ठिपके शिल्लक राहिले. सभासदाने बोटांनी कितीही मोठं केलं, तरी गेलेले ठिपके परत येत नाहीत.

देवनागरीला हा संकोच जास्त जाचतो, कारण शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी बरंच काही बारीक कोरलेलं असतं. मुळात पाच पिक्सेलचा अनुस्वार एका पिक्सेलवर आला की शेजारच्या पांढऱ्यात मिसळून जातो आणि ‘शिंदे’चे ‘शिदे’ होतात. रफार शिरोरेषेला चिकटतो, उकाराचं वळण भरून जातं. इंग्रजी आकड्यांत 3, 6 आणि 8 एकमेकांसारखे दिसू लागतात. नाव अंदाजाने ओळखता येतं, पण बाकी रक्कम अंदाजाने वाचली तर वाद होतो.

दुसरी पायरी जेपेग दाबणीची. ही पद्धत १९९२ मध्ये प्रमाणित झाली, तीही कॅमेऱ्याच्या छायाचित्रांसाठी. ती चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातला हळूहळू बदलणारा उजेड ती नीट जपते आणि झटक्यात होणारे बारीक बदल बऱ्याच अंशी गाळते. आकाश, चेहरा, भिंत यांत अशी गाळणी कळतही नाही. अक्षराची कड मात्र काळ्यावरून पांढऱ्यावर एका पिक्सेलमध्ये उडी मारते. नेमकी तीच उडी बोथट होते आणि अक्षराभोवती करडे, मळकट ठिपके उमटतात. रंगाच्या बाबतीत काटकसर आणखी मोठी असते. उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची ठेवली, तरी रंगाची नोंद बहुतेक वेळा चार पिक्सेलमागे एकच असते. म्हणून यादीतली लाल ‘बाकी’ काळ्या आकड्यांपेक्षा जास्त पसरते.

फोनमधला मूळ स्क्रीनशॉट बहुधा पीएनजी प्रकारचा असतो. या प्रकारात फाइल लहान करताना एकही पिक्सेल बदलत नाही. सपाट रंग आणि अक्षरं यांचं चित्र त्यात फारशी जागाही घेत नाही. काही फोन थेट जेपेगमध्ये स्क्रीनशॉट साठवतात, पण तेही सहसा चांगल्या दर्जाचे असतात.

हाच स्क्रीनशॉट ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की दोन्ही पायऱ्या टळतात. अ‍ॅप त्याच्याकडे चित्र म्हणून न पाहता फाइल म्हणून पाहतं आणि आहे तशी पोहोचवतं. त्यासाठी चॅटमध्ये पेपरक्लिपचं चिन्ह दाबायचं (आयफोनवर अधिकचं), ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडायचं आणि Screenshots फोल्डरमधली फाइल शोधायची. टेलिग्रामवर हेच काम ‘फाइल’ या पर्यायातून होतं. संगणकावर स्क्रीनशॉट चॅटच्या चौकटीत नुसता पेस्ट केला तर तो फोटो म्हणूनच जातो. म्हणून आधी तो सेव्ह करून मग डॉक्युमेंट म्हणून जोडावा लागतो.

नेमकं काय पोहोचलं, हे ओळखणं सोपं आहे. डॉक्युमेंटच्या चौकटीत फाइलचं नाव, आकार आणि PNG किंवा JPG असा प्रकार दिसतो. फोटो म्हणून आलेल्या चित्राला अँड्रॉइडच्या गॅलरीत IMG-…-WA0012.jpg अशा धर्तीचं नाव असतं. तिथे चित्राचा तपशील उघडून पिक्सेल पाहिले की २८८ बाय १६०० हे आकडे सगळं सांगून जातात.

व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ मध्ये फोटोंसाठी एचडी पर्याय दिला. एका पडद्याच्या साध्या स्क्रीनशॉटला तो बहुधा पुरतो. मात्र त्यातही जेपेगची दाबणी होते. आकाराची मर्यादाही फक्त वाढते, संपत नाही, त्यामुळे फार लांब स्क्रीनशॉट तिथेही लहान होऊ शकतो.

डॉक्युमेंटच्या वाटेलाही अडचणी आहेत. अशी फाइल अँड्रॉइडवर सहसा गॅलरीत न जाता व्हॉट्सअ‍ॅपच्या डॉक्युमेंट फोल्डरमध्ये बसते आणि ‘फोटो आलाच नाही’ अशी तक्रार येते. मोबाइल डेटावर डॉक्युमेंट आपोआप उतरवून घेण्याची सोय मूळ सेटिंगमध्ये बंद असते, त्यामुळे सभासदाला त्यावर बोट ठेवावं लागतं. फाइल मूळ नावानिशी जाते. त्या नावात स्क्रीनशॉटची तारीख आणि वेळ असते, काही फोनवर अ‍ॅपचं नावही. कॅमेऱ्याचा फोटो असा पाठवला, तर तो कुठे काढला हे ठिकाणही फाइलसोबत जाऊ शकतं. आणि आधीच फोटो म्हणून येऊन धूसर झालेली प्रत डॉक्युमेंट म्हणून पुढे ढकलली, तर धूसरपणा तसाच राहतो. मूळ फाइल ज्याच्याकडे आहे, त्यानेच ती पाठवायला हवी.

एखाद्या सभासदाला फक्त आपली ओळ हवी असेल, तर खजिनदाराला एवढा खटाटोप लागत नाही. त्याने यादीतल्या सात-आठ ओळी कापून घेतल्या आणि तुकडा १६०० पिक्सेलपेक्षा कमी उंच ठेवला, तर आकार घटवण्याची पायरी लागूच होत नाही. उरते ती जेपेगची दाबणी, आणि ३० पिक्सेलचा आकडा ती सोसूनही वाचता येतो. पूर्ण यादी मात्र डॉक्युमेंट म्हणूनच जावी, किंवा हिशेबाच्या अ‍ॅपमधून पीडीएफ निघत असेल तर तीच पाठवावी. पीडीएफमध्ये अक्षरं अक्षरं म्हणूनच साठवलेली असतात, त्यामुळे हवी तेवढी मोठी केली तरी त्यांची कड फाटत नाही.