गोलचा दुष्काळ : आत्मविश्वासाची वाट सोप्या संधींतून

फुटबॉलमध्ये आघाडीच्या खेळाडूचे मोजमाप गोलने होते. सलग काही सामने गोल न झाल्यास त्याचा आत्मविश्वास ढासळतो आणि ढासळलेल्या आत्मविश्वासामुळे पुढील संधीही हुकतात. ब्राझीलच्या रिचार्लिसनने हे चक्र अनुभवले. २०२२ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबमध्ये दाखल झाल्यावर पहिल्या प्रीमियर लीग हंगामात त्याला केवळ एक गोल करता आला. सप्टेंबर २०२३ मध्ये बोलिव्हियाविरुद्धच्या सामन्यात त्याला मैदानाबाहेर बोलावण्यात आले, तेव्हा राखीव खेळाडूंच्या बाकावर त्याला अश्रू आवरले नाहीत. त्यानंतर मानसशास्त्रीय मदत घेणार असल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो संधी मिळत नाहीत की मिळालेल्या संधी हुकतात, हा. अव्वल लीगमध्ये सर्वसाधारणपणे दहापैकी एक फटका गोलमध्ये जातो. सामन्यात सरासरी तीन फटके मारणाऱ्या खेळाडूचे पाच सामन्यांतील सर्व पंधरा फटके वाया जाण्याची शक्यता या हिशेबाने सुमारे २० टक्के असते. म्हणजेच पाच सामन्यांचा दुष्काळ निव्वळ योगायोगही असू शकतो. मात्र फटक्यांची संख्याच घटली असेल, चेंडू मिळताच खेळाडू तो सहकाऱ्याकडे सोपवत असेल, किंवा अधीर होऊन दुरूनच फटके मारत असेल, तर दोष नशिबाचा नसून निर्णयाचा आहे, असे समजावे.

येथे सोप्या संधींचे महत्त्व लक्षात येते. गोलपासूनचे अंतर वाढते आणि कोन अरुंद होतो, तशी फटका यशस्वी होण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणून दुष्काळात सापडलेल्या खेळाडूने गोलसमोरील छोट्या चौकटीच्या आसपास राहणे, क्रॉसवर जवळच्या खांबाकडे धाव घेणे आणि गोलरक्षकाच्या हातून निसटलेल्या चेंडूवर झेपावणे हिताचे ठरते. सरावही याच क्रमाने केला जातो. आधी सहा ते आठ मीटरवरून, गोलरक्षकाविना, एका स्पर्शात चेंडू जाळ्यात धाडायचा. त्यानंतर गोलरक्षक उभा करायचा आणि शेवटी पाठीमागून दबाव आणणारा बचावपटू आणायचा. एका टप्प्यावर बहुतांश फटके अचूक जाऊ लागल्याखेरीज पुढचा टप्पा गाठायचा नाही.

सामन्यात हाच सराव कामी यावा, यासाठी ठराविक क्रम उपयोगी पडतो : चेंडू येण्यापूर्वी गोलरक्षकाच्या जागेवर एक नजर, चेंडूवर पहिला स्पर्श आणि पायाच्या आतल्या बाजूने दूरच्या खांबाकडे जमिनीलगत फटका. दरवेळी नव्याने विचार करावा लागला नाही, की शंकेला शिरकाव करायला जागा उरत नाही.

या क्रमाला स्वसंवादाची जोड दिली जाते. 'चुकवू नकोस' असे मनाशी म्हटल्याने लक्ष चुकीकडेच वळते. त्याऐवजी 'खाली, दूरचा खांब' यांसारखे कृती सांगणारे दोन-तीन शब्द परिणामकारक ठरतात. ग्रीसमधील संशोधकांनी २०११ मध्ये ३२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले असता स्वसंवादामुळे खेळातील कामगिरी सुधारते आणि त्याचा आधी सराव केल्यास लाभ वाढतो, असे आढळले. त्यामुळे हे शब्द सामन्याच्या दिवशी प्रथमच आठवून चालत नाही. सरावातील प्रत्येक फटक्यासोबत ते उच्चारावे लागतात. संधी हुकल्यानंतरही एखादा ठरलेला शब्द मनात उच्चारून पुढील जागा घेतली, तर मागील चूक पुढच्या फटक्यापर्यंत पोहोचत नाही.

रिचार्लिसनच्या बाबतीत दिलासा देणारा क्षण १६ सप्टेंबर २०२३ रोजी आला. शेफील्ड युनायटेडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून ९८व्या मिनिटाला कॉर्नर किकवर त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. पाठोपाठ विजयी गोलसाठी त्यानेच पास दिला. तरीही एका गोलने दुष्काळ संपला नाही. नोव्हेंबरमध्ये त्याच्या जांघेवर शस्त्रक्रिया झाली आणि लीगमधील पुढचे गोल थेट १० डिसेंबरला, न्यूकॅसलविरुद्ध झाले. हंगामाअखेर लीगमध्ये त्याच्या नावावर ११ गोल होते.

या उपायांची मर्यादाही या उदाहरणातूनच दिसते. दुखापत असेल तर कोणताही स्वसंवाद तिच्यावरचा इलाज ठरत नाही. झोप उडणे, सरावाला जाण्याची इच्छाच न होणे किंवा मैदानाबाहेरही निराशा कायम राहणे, ही लक्षणे दिसल्यास प्रश्न गोलपुरता उरत नाही. मानसोपचाराने आपला जीव वाचवला, असे रिचार्लिसनने २०२४ मध्ये एका मुलाखतीत सांगितले. अशा वेळी प्रशिक्षकाने खेळाडूला आणखी फटके मारायला लावण्याऐवजी तज्ज्ञाकडे पाठवणे आवश्यक असते.