पुस्तकं नव्हे, वाचनाचे दिवस मोजा

शाळेतल्या वाचन उपक्रमाचं यश बहुतेक वेळा एका निर्णयावर ठरतं: मोजायचं काय? पुस्तकांची संख्या मोजली की मुलं बारीक पुस्तकं शोधू लागतात. पानं मोजली तर सावकाश वाचणारं मूल पहिल्याच आठवड्यात मागे पडतं आणि मग वाचणंच सोडतं. त्यापेक्षा वाचनाचे दिवस मोजणं न्याय्य. दिवसातून पंधरा मिनिटं वाचलं की एक चौकोन रंगवायचा. जाड कादंबरी वाचणारी मुलगी आणि अक्षरं जुळवत वाचणारा मुलगा, दोघांचा चौकोन सारखाच.

चौथीच्या बत्तीस मुलांच्या वर्गाचं उदाहरण घेऊ. उपक्रम सहा आठवड्यांचा ठेवला. त्याहून लांबला तर उत्साह ओसरतो. दर आठवड्याला चार चौकोन, म्हणजे कार्डावर एकूण चोवीस. त्यांतले वीस भरले की आव्हान पूर्ण. चार चौकोनांची ही सूट मुद्दाम ठेवलेली असते, कारण घरात लग्नकार्य निघतं, ताप येतो, एखाद्या दिवशी नकोसंच वाटतं. आठवडाभर आजारी असलेल्या मुलासाठी उद्दिष्ट सोळावर आणायचं, म्हणजे परत आल्यावर त्याला धावाधाव करावी लागत नाही.

काय वाचलं तर चालेल, याचं उत्तर शक्य तितकं मोकळं असावं. गोष्टीचं पुस्तक, बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचा जुना अंक, चित्रकथा, घरच्या बोलीतलं किंवा दुसऱ्या भाषेतलं पुस्तक, धाकट्या भावंडाला वाचून दाखवलेली गोष्ट, सगळं धरावं. आजीनं वाचून दाखवलेलं आणि मुलानं पानावर नजर ठेवून ऐकलेलंही धरावं. न आवडलेलं पुस्तक अर्ध्यात सोडलं तरी त्या दिवसाचा चौकोन मिळतो.

खरी विषमता घरात असते. काही घरांत कपाटभर पुस्तकं असतात, तर काही घरांत पाठ्यपुस्तकाशिवाय काहीच नसतं. म्हणून चारपैकी किमान तीन दिवसांचं वाचन शाळेतच, परिपाठानंतरच्या पंधरा मिनिटांत व्हावं. बत्तीस मुलांसाठी वर्गातल्या पेटीत साठ-सत्तर पुस्तकं हवीत. पेटी लहान असेल तर शेजारच्या वर्गाशी दर पंधरवड्याला अदलाबदल करता येते. पालकांच्या सहीची अट घालू नये. रात्रपाळी करणाऱ्या किंवा लिहिता-वाचता न येणाऱ्या आईबाबांच्या मुलाला त्या अटीची शिक्षा होते.

मग नोंद खरी कशी राहील? कार्ड मुलाकडेच असावं आणि चौकोन त्यानंच रंगवावा. शिक्षकांनी रोज पाच-सहा मुलांशी मिनिटभर बोलावं: कुठपर्यंत आलास, पुढे काय होईल असं वाटतं? हे बोलणं परीक्षेसारखं होऊ नये. कार्डावरचे सगळे चौकोन एकाच दिवशी, एकाच खडूनं भरलेले दिसले तर समजावं की मूल घाबरलं आहे किंवा त्याला पुस्तक जमत नाही. अशा वेळी त्याला रागावण्यापेक्षा सोपं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक हाती द्यावं.

नावांचा तक्ता भिंतीवर लावू नये. त्यावर सर्वांत आधी दिसतात त्या रिकाम्या जागा. त्याऐवजी वर्गाची एक बरणी ठेवावी आणि प्रत्येक चौकोनामागे तीत एक चिंचोका टाकावा. बत्तीस जणांचे वीस-वीस धरले तर 640 होतात, पण वर्गाचं उद्दिष्ट 500च ठेवावं. नाहीतर मागे राहिलेल्या दोघा-तिघांवर सगळ्यांचा डोळा राहतो.

बक्षिसाबाबत जपून पावलं टाकावीत. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना, चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल, असं आधीच सांगितलं होतं. नंतर मोकळ्या वेळेत या मुलांनी चित्रकलेला इतरांच्या साधारण निम्माच वेळ दिला. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. पुढे मॅरिनाक आणि गॅम्ब्रेल यांनी 2008 मध्ये तिसरीच्या मुलांबाबत दाखवलं, की बक्षीस पुस्तकाचंच असेल तर वाचनाची ओढ तशी घटत नाही.

तेव्हा बक्षीस छोटं, वाचनाशी जोडलेलं आणि सर्वांना सारखं असावं. मुलांनीच रंगवलेली खूणपट्टी, वर्गात मोठ्यानं वाचायचं पुढचं पुस्तक निवडण्याची संधी किंवा पेटीतलं एक पुस्तक कायमचं घरी नेणं. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक काढू नयेत. वीसपर्यंत न पोचलेल्या मुलालाही खूणपट्टी द्यावी आणि त्याचे भरलेले चौकोन त्याला मोजून दाखवावेत.

आव्हान संपल्यावर पेटी लगेच कपाटात बंद करू नये. पुढचे पंधरा दिवस, कोणतंही कार्ड नसताना, किती मुलं आपणहून पुस्तक घरी नेतात ते देवघेवीच्या वहीत पाहावं. तो आकडा एकदम घसरला असेल, तर पुढच्या वेळी बक्षीस कमी करावं आणि पेटीतली पुस्तकं बदलावीत.