क्रिएटिनिन नॉर्मल, तरी डोस निम्मा

दोन रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट शेजारी ठेवले आहेत, अशी कल्पना करा. पहिला तीस वर्षांच्या, सत्तर किलोच्या तरुणाचा आणि दुसरा बहात्तर वर्षांच्या, पंचेचाळीस किलोच्या आजींचा. दोघांचंही क्रिएटिनिन १.१. बहुतेक लॅबच्या हिशेबाने हा आकडा नॉर्मलच, फार तर काठावरचा. आता दोघांनाही मूत्रमार्गाचा गंभीर संसर्ग झाला आहे आणि डॉक्टरांनी सेफेपाइम हे अँटिबायोटिक निवडलं आहे. दोघांना डोस सारखाच द्यायचा का?

नाही. कारण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. आजींच्या अंगावर स्नायूच कमी, म्हणून रोज तयार होणारं क्रिएटिनिनही कमी. तरीही ते रक्तात तरुणाइतकंच साठलं आहे, म्हणजे किडन्या ते संथपणे बाहेर टाकत आहेत. रिपोर्टवरचा आकडा एक असला, तरी त्यामागच्या किडन्या वेगळ्या आहेत.

हा फरक मोजण्यासाठी डॉक्टर आणि फार्मासिस्ट आजही १९७६ सालचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र वापरतात. १४० मधून वय वजा करायचं, त्याला किलोमधल्या वजनाने गुणायचं आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन यांनी भागायचं. रुग्ण स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचं. या हिशेबाने तरुणाच्या किडन्या मिनिटाला सुमारे ९७ मिलिलिटर रक्तद्रव क्रिएटिनिनपासून साफ करतात; आजींच्या फक्त ३३. म्हणजे जवळपास एक तृतीयांश. हे सूत्र ज्या अभ्यासातून निघालं, त्यात जवळजवळ सगळे पुरुष होते. स्त्रियांसाठीचा ०.८५ हा आकडा त्या मोजमापातून आलेला नाही, तो अंदाजाने लावलेला आहे. म्हणून आलेलं उत्तरही अंदाज म्हणूनच घ्यायचं असतं.

हे उत्तर हाती आलं की डोसचा तक्ता उघडायचा. त्यात प्रत्येक औषधापुढे किडनीच्या क्षमतेच्या पायऱ्या दिलेल्या असतात. सेफेपाइमची गंभीर मूत्रसंसर्गासाठीची नेहमीची मात्रा दर बारा तासांनी २ ग्रॅम; क्षमता साठच्या वर असेल तर तीच. तीस ते साठच्या दरम्यान २ ग्रॅम, पण चोवीस तासांतून एकदाच. अकरा ते एकोणतीसमध्ये दिवसाला १ ग्रॅम आणि अकराच्या खाली दिवसाला अर्धा ग्रॅम. तरुणाला दिवसाला ४ ग्रॅम मिळणार, आजींना २.

एवढी काटछाट का, याचं उत्तर औषध शरीराबाहेर कोणत्या वाटेने जातं यात आहे. सेफेपाइमचा सुमारे ८५ टक्के भाग जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. निरोगी माणसात साधारण दोन तासांत रक्तातलं औषध निम्म्यावर येतं. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांत त्यालाच साडेतेरा तासांच्या आसपास लागतात. तेवढ्यात पुढचं इंजेक्शन दिलं की आधीचं शिल्लक असतानाच त्यात भर पडते आणि रोज पातळी चढत जाते.

ही चढलेली पातळी मेंदूला बाधते. उपचार सुरू होऊन चारेक दिवस झाले की रुग्ण गुंगीत राहू लागतो, असंबद्ध बोलतो किंवा बोलायचाच थांबतो. हातापायांना बारीक झटके येतात. नातेवाईक म्हणतात, ‘ताप डोक्यात गेला असेल’. वॉर्डात कुणी म्हणतं, वय झालं की असं होतंच. प्रत्यक्षात मेंदूत फिट चालू असते, फक्त अंग झाडलं जात नाही म्हणून ती दिसत नाही. ईईजी काढल्यावरच ती उघडी पडते. २०१२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, सेफेपाइमबाबत नेमका हाच इशारा दिला. नोंदल्या गेलेल्या बहुतेक रुग्णांच्या किडन्या आधीच कमकुवत होत्या आणि डोस त्या मानाने उतरवलेला नव्हता. यात ओळखण्याजोगी एक खूण आहे : ताप उतरतो आहे, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येत आहेत, आणि रुग्ण मात्र जास्तच गुंगत चालला आहे. अशा वेळी औषध थांबवलं की बहुतेक जण काही दिवसांत भानावर येतात. गरज पडली तर डायलिसिसने ते रक्तातून काढताही येतं.

मग सावधगिरी म्हणून आधीच कमी डोस दिला तर? इथे दुसरी चूक होते, आणि ती तक्ता पाळूनच होते.

समजा, याच आजी दवाखान्यात आल्या त्या दोन दिवसांच्या तापानंतर. पोटात पाणी नाही, उलट्या चालू, रक्तदाब खाली गेलेला. त्या क्षणी क्रिएटिनिन १.८ येतं. सूत्राने क्षमता निघते २० आणि तक्ता सांगतो, दिवसाला १ ग्रॅम. म्हणजे पूर्ण मात्रेच्या पाव. पण सलाईन चढतं, रक्तदाब सावरतो, लघवी सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन परत १.१ वर येतं. जंतूंशी झुंज ऐन भरात होती, त्या पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत त्यांना औषध अपुरं मिळालेलं असतं.

तक्त्यातले आकडे ठरवले जातात ते ज्यांच्या किडन्यांचं काम कमी पण स्थिर आहे अशा लोकांवरच्या चाचण्यांतून. आजारपणात एकाएकी मंदावलेली किडनी बरेचदा दोन दिवसांत सावरते. हे लक्षात घेऊन २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी असा मुद्दा मांडला की, पुरेसं सुरक्षित अँटिबायोटिक असेल तर पहिले अठ्ठेचाळीस तास डोस कमी करण्याची घाई करू नये. सेफेपाइमसारख्या औषधाला ही सवलत देताना हात आखडावाच लागतो. मात्र पहिला डोस पूर्ण द्यायचा, यावर वाद नाही. पहिल्या इंजेक्शनने औषध अंगभर पसरून पातळी गाठायची असते आणि त्याचा किडनीच्या वेगाशी फारसा संबंध नसतो. डायलिसिसचे रुग्ण सोडले, तर सेफेपाइमच्या माहितीपत्रकातही कपात दुसऱ्या डोसपासूनच सांगितली आहे.

याच्या उलट क्रिएटिनिन चढत असतं तेव्हा सूत्र फसतं दुसऱ्या बाजूने. किडनी आज थांबली तरी रक्तात क्रिएटिनिन साठायला वेळ लागतो. आज १.१, उद्या १.५ असा प्रवास चालू असेल, तर खरी क्षमता सूत्राच्या उत्तरापेक्षाही कमी असते. म्हणून अशा रुग्णाचं क्रिएटिनिन रोज पाहतात, लघवी मोजतात आणि तक्त्यातली पायरी रोज नव्याने ठरवतात. किडनी सुधारली की डोस वर न्यायचा असतो. गडबडीत तेच राहून जातं.

सगळीच अँटिबायोटिक्स या तक्त्यात अडकत नाहीत. सेफ्ट्रियाक्सोनचा बराच भाग पित्तावाटे जातो, त्यामुळे किडनीचा आकडा काही असला तरी त्याचा नेहमीचा डोस सहसा बदलत नाही. डॉक्सिसायक्लिनचंही तसंच. नायट्रोफ्युरँटोइनची गोष्ट निराळी. मूत्राशयाच्या साध्या संसर्गावरची ही गोळी काम करते ती लघवीत उतरून. किडनी फार मंदावली तर ती लघवीत पुरेशी पोहोचत नाही, रक्तात मात्र साठते. अशा रुग्णाला डोस कमी करून भागत नाही, गोळीच बदलावी लागते.