पालथ्या वाडग्याखालचा उजेड

माझ्या अभ्यासिकेच्या छताला एक गोल, चपटा, दुधी पॅनेल दिवा आहे. व्यास 30 सेंटिमीटर, खोक्यावर छापलेला आकडा 1800 ल्युमेन. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो एका संध्याकाळी कुठूनसा लक्समीटर घेऊन आला आणि पडदे ओढून, बाकीचे दिवे मालवून मोजमापाला बसला. टेबल दिव्याखाली दीड मीटरवर. त्याने अंतराच्या वर्गाचा नियम लावून हिशेब केला, उत्तर आलं साधारण 255 लक्स, आणि मीटरनेही जवळपास तेच दाखवलं. स्वारी खूश. मग तो शिडीवर चढला, मीटर पॅनेलच्या खाली अवघ्या पाच सेंटिमीटरवर धरला आणि खाली उतरला तो गोंधळलेला.

“मामा, हिशेबाने दोन लाख एकोणतीस हजार यायला हवेत. मीटर बावीस-तेवीस हजारांच्या वर जातच नाही. बिघडलाय वाटतं.”

मीटर ठणठणीत होता, चूक हिशेबात होती. ती पकडायला सूत्राचीही गरज नव्हती. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. छताला लावलेला घरगुती दिवा त्याच्या दुपटीहून जास्त उजेड देणार नाही, एवढं तर कुणीही सांगेल. पण याहून नेमकी खूण दुसरी आहे. पॅनेलचं क्षेत्रफळ सुमारे 0.0707 चौरस मीटर, त्यातून 1800 ल्युमेन बाहेर पडतात, म्हणजे दर चौरस मीटरमागे सुमारे 25,500. पॅनेल स्वतःच्या पृष्ठावरून जेवढा प्रकाश सोडतं, त्यापेक्षा दाट प्रकाश त्याच्यासमोर धरलेल्या कागदावर पडेलच कसा? मडक्यात जितकं आहे, तितकंच पेल्यात येणार.

अंतराचा वर्ग वाढतो त्या प्रमाणात प्रकाश घटतो, हा नियम बिंदूएवढ्या दिव्यासाठी आहे. दीड मीटरवरून 30 सेंटिमीटरची तबकडी बिंदूसारखी वागते. पाच सेंटिमीटरवरून मात्र ती बिंदू नसते, जवळजवळ सगळं आभाळच असते. मध्ये भागणारं अंतर शून्याकडे नेलं की उत्तर अनंताकडे धावतं. खरा उजेड काही धावत नाही.

मग बरोबर हिशेब कसा करायचा? त्यासाठी तीन गोष्टी लागतात, आणि तिसरी कळली की बाकीच्या दोन आपोआप जागेवर बसतात.

पहिली गोष्ट तीव्रता. इथे थोडी सावधगिरी हवी, कारण दिव्यांच्या धंद्यात हा शब्द संपूर्ण दिव्यासाठी वापरतात आणि ती कॅंडेलात मोजतात. उष्णतेच्या अभ्यासात तीव्रता म्हणजे पृष्ठाच्या दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्यातून, एका दिशेच्या दर घनकोनामागे येणारं प्रारण. आपल्यासाठी दुसरा अर्थ महत्त्वाचा. साध्या भाषेत सांगायचं तर ते पृष्ठ डोळ्यांना किती उजळ दिसतं, ती ही राशी. चुन्याची पांढरी भिंत दोन हातांवरून पाहा किंवा अंगणाच्या टोकावरून पाहा, ती फिकी होत नाही, फक्त लहान दिसते. तीव्रता अंतराने बदलत नाही. आणि पृष्ठ खरोखर विसरित असेल, म्हणजे दुधी काचेसारखं किंवा चुन्यासारखं, तर तिरकस पाहिल्यानेही बदलत नाही. तिरप्या कोनातून त्यातून येणारा प्रकाश कमी होतो हे खरं, पण त्याच कोनातून ते पृष्ठ दिसायलाही तेवढंच अरुंद होतं. दोन्ही घटी एकमेकींना फेडतात.

दुसरी गोष्ट घनकोन. वस्तू आपल्या दृष्टीचा किती भाग व्यापते, हे तो सांगतो. आपल्याभोवती एक मीटर त्रिज्येचा गोल कल्पायचा आणि वस्तूच्या कडांकडून आपल्याकडे येणाऱ्या रेषा त्या गोलावर जेवढं क्षेत्र कापतील, तेवढा तिचा घनकोन. डोक्यावरचं सगळं आभाळ म्हणजे 2π स्टेरेडियन.

तिसरी गोष्ट कोसाइनचा नियम, जो 1760 साली प्रसिद्ध झालेल्या योहान हाइनरिख लांबेर्ट यांच्या प्रकाशमापनावरील ग्रंथाशी कायमचा जोडला गेला. घेणाऱ्या पृष्ठावर किरण तिरपे आले की तेच किरण जास्त जागेवर पसरतात. सकाळचं ऊन आणि दुपारचं ऊन यांतला बराचसा फरक हाच आहे. सरळ डोक्यावरून आलेल्या किरणाची पूर्ण किंमत, 60 अंश कललेल्याची निम्मी, क्षितिजालगतच्याची शून्य.

म्हणून हिशेब असा: तबकडीचा एकेक छोटा तुकडा घ्या, त्याचा घनकोन काढा, त्याला तीव्रतेने गुणा, आणि तो किती तिरपा दिसतो त्याच्या कोसाइनने पुन्हा गुणा. सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे मिळालेला उजेड. पुस्तकात यासाठी समाकलन करतात. पण जर्मन अभियंता विल्हेल्म नुसेल्ट यांनी 1928 मध्ये एक चित्र दाखवून दिलं, ज्यात बेरीज डोळ्यांनी दिसते. मला ते समाकलनापेक्षा जास्त आवडतं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मीटरचं टोक जमिनीवर ठेवलं आहे असं समजा आणि त्याच्यावर काचेचा एक पालथा वाडगा घाला, त्रिज्या एक. छतावरच्या तबकडीच्या कडेपासून मीटरपर्यंत रेषा ओढल्या तर त्या वाडग्यावर एक गोल टोपी आखतात. त्या टोपीचं क्षेत्रफळ म्हणजे घनकोन. आता दूरवर, बरोबर डोक्यावर एक दिवा आहे असं समजून टोपीची सावली खाली जमिनीवर पाडा. वाडग्याचा तुकडा जितका उताराला, तितकी त्याची सावली आखूड, आणि ती नेमकी कोसाइनच्या प्रमाणात आखूड. कारण वाडग्यावरच्या तुकड्याचा उतार आणि त्यातून येणाऱ्या किरणाचा तिरपेपणा हा एकच कोन आहे. म्हणजे कोसाइनने गुणायचं काम सावलीनेच करून टाकलं. सावलीचं क्षेत्रफळ गुणिले तीव्रता, झाला उजेड.

टोपीची सावली गोलच पडते. मीटरच्या डोक्यावरची उभी रेषा आणि तबकडीच्या कडेकडे जाणारी रेषा यांतला कोन α असेल, तर तिची त्रिज्या sin α. म्हणून

E = π L sin²α

यात L ही तीव्रता. तबकडीने सगळं आभाळ व्यापलं तर सावली म्हणजे वाडग्याचं पूर्ण तोंड, क्षेत्रफळ π. वाडग्याचं स्वतःचं पृष्ठ 2π असलं तरी सावली निम्मीच. परीक्षेत नेहमी होणारी चूक इथलीच: आभाळभर घनकोन 2π म्हणून उजेड 2πL लिहिला जातो. क्षितिजालगतचा प्रकाश किती कमी कामाचा, हे विसरल्यामुळे उत्तर दुप्पट येतं.

आमच्या पॅनेलचं πL म्हणजे तेच 25,500. त्रिज्या R आणि उंची h असेल तर sin²α म्हणजे R² भागिले (R² + h²). पाच सेंटिमीटरवर 225 भागिले 250, म्हणजे नऊदशांश; उजेड सुमारे 22,900 लक्स. शिडीवर मीटरने हेच दाखवलं होतं. पंधरा सेंटिमीटरवर, म्हणजे त्रिज्येएवढ्या अंतरावर, बरोबर निम्मा. दीड मीटरवर 252. भाच्याच्या 255 शी फरक फक्त एक टक्क्याचा. प्रयोगशाळेत दिवा मोजताना अंतर दिव्याच्या सर्वांत मोठ्या मापाच्या पाचपट ठेवतात, तो रिवाज याच एक टक्क्यातून आला आहे. दीड मीटर म्हणजे 30 सेंटिमीटरची बरोबर पाचपट. भाच्याचं टेबल नशिबाने योग्य जागी होतं.

सूत्रात अंतर आणि आकार वेगवेगळे कुठेच उरले नाहीत, हे पाहण्यासारखं आहे. उरला फक्त कोन. एक मीटरवरची छोटी तबकडी आणि दहा मीटरवरची दसपट मोठी तबकडी, दोघींची तीव्रता सारखी असेल, तर मीटरला त्या ओळखू येणार नाहीत.

पण या सूत्राच्या मर्यादाही आहेत. मीटर तबकडीच्या मध्याखाली आणि तिला समांतर असेल, तरच ते लागू होतं. मीटर जागच्या जागी तिरपा केला तर उत्तराला कलण्याच्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं, तेही तबकडी पूर्णपणे मीटरच्या समोर राहते तोवरच. पाच सेंटिमीटरवर तबकडीची कड जवळजवळ 72 अंशांपर्यंत पोचते, त्यामुळे मीटर 18 अंशांहून जास्त कलला की तिचा एक भाग मीटरच्या क्षितिजाखाली जातो आणि साधा गुणाकार फसतो. मीटर बाजूला सरकवला तर घट फार भराभर होते. आमच्या टेबलाच्या उंचीवर मध्यापासून दीड मीटर बाजूला गेलं की 45 अंशांचा कोन होतो आणि उजेड 252 वरून 63 वर, म्हणजे चौथाईवर येतो. अंतर वाढल्यामुळे निम्मा गेला, तबकडी अरुंद दिसल्यामुळे त्यातला काही, आणि किरण तिरपे पडल्यामुळे आणखी काही. खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून वाचणाऱ्यांचे डोळे का दमतात, ते इथे कळतं. भिंतींवरून परतणारा उजेड थोडा सांभाळून घेतो, एवढंच.

आणि पॅनेल खरंच विसरित आहे का, हेही पाहायला हवं. त्याला उपकरण लागत नाही. खोलीच्या टोकाला उभं राहून तिरक्या नजरेने पॅनेल पाहा. समोरून दिसतं तितकंच उजळ दिसलं, तर लांबेर्ट यांचा नियम लागू. तिरक्यातून मंद वाटलं किंवा आत एलईडीचे ठिपके दिसले, तर सूत्राचं उत्तर अंदाजापुरतं.

भाच्याने शेवटी विचारलं, “मग सूर्याचं काय?” सूर्यही एक तबकडीच. फरक एवढाच की तो गोल असल्यामुळे कडेला जाणारी रेषा त्याला स्पर्श करून जाते आणि sin α म्हणजे थेट त्रिज्या भागिले केंद्रापर्यंतचं अंतर. सूर्य आपल्यापासून त्याच्या सुमारे 215 त्रिज्यांवर आहे. 215 चा वर्ग 46,225. सूर्याचं पृष्ठ सरासरी 5772 केल्विनचं मानलं तर दर चौरस मीटरमागे सुमारे 6 कोटी 29 लाख वॅट बाहेर पडतात. भागून पाहिलं: 1361. वातावरणाच्या बाहेर, सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटरवर उपग्रहांनी मोजलेला आकडाही हाच. वस्तुतः सूर्य काटेकोर विसरित नाही. दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या प्रतिमेत त्याची कड मध्यापेक्षा स्पष्टपणे मंद दिसते, कारण कडेला आपली नजर वरच्या, थंड थरांवरच अडते. 5772 ही सगळ्या तबकडीची मिळून काढलेली सरासरी आहे, म्हणून बेरीज तरीही जुळते.

भाच्याने वहीवर पालथा वाडगा काढला आणि त्यावर सूर्याची टोपी आखायला घेतली. वाडगा पानभर होता, तरी टोपी पेन्सिलीच्या ठिपक्याहून मोठी झाली नाही.