पाचांत चार तलवारी

निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. तीन दिवसांनी मध्यरात्री एखादं हसरं चित्र येतं आणि पुन्हा शांतता. अशा वेळी टॅरोचे पत्ते पिसणाऱ्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो, ‘त्याच्या मनात काय आहे?’ आणि समोर तलवारींचे पत्ते रांगेनं पडले, की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो.

आज जगभर ज्या चित्रांवरून टॅरो वाचला जातो, ती बहुतांशी 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या जोडातली आहेत. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. जोडात 78 पत्ते. त्यांतल्या प्याले, दंड, नाणी आणि तलवारी या चार रंगांचे प्रत्येकी 14. प्याले भावनेचे, तर तलवारी विचाराच्या आणि वाणीच्या मानल्या जातात. (पत्त्यांतल्या इस्पिकला इंग्रजीत ‘स्पेड’ म्हणतात. तो शब्दही तलवारीच्या इटालियन नावावरूनच आला.) म्हणून तलवारींचा घोळका पडला, तर जाणकार रीडर ‘प्रेम संपलं’ असं म्हणत नाही. डोक्यात फार चाललंय आणि तोंडातून काहीच बाहेर पडत नाहीये, असं तो वाचतो.

एक नमुना मांडून पाहू. समजा, प्रश्न विचारणारी पुण्यात आहे आणि तिचा मित्र बंगळुरूला. पाच पत्ते मांडायचे: ती, तो, दोघांमधलं सध्याचं चित्र, नजरेआड राहिलेली गोष्ट आणि पुढची पायरी. निघाले असे: तलवारींची नव्वी, दुर्री, सत्ती, मग नाण्यांची छक्की आणि शेवटी तलवारींची राणी.

नव्वी बघून लोक दचकतात. अंथरुणात उठून बसलेली, चेहरा हातांत लपवलेली व्यक्ती, मागे काळोख. पण चित्र नीट पाहिलं तर नऊही तलवारी मागच्या काळोखात आडव्या टांगलेल्या आहेत, एकही तिच्या अंगात रुतलेली नाही. आणि हा पत्ता पडलाय ‘ती’च्या जागी. म्हणजे झोप उडालीय ती तिची. तो तिकडे काय करतोय, याबद्दल नव्वी चकार शब्द काढत नाही.

त्याच्या जागी दुर्री आहे. डोळ्यांवर पट्टी, छातीवर दोन तलवारींची फुली, पाठीमागे समुद्र. दोन्ही हात असे अडकलेत, की एक तलवार खाली ठेवली तरी तोल जाईल. रीडर याला न घेतलेला निर्णय म्हणतात. यात क्रूरपणा दिसत नाही, पण वाट पाहणाऱ्याला त्याचा फारसा दिलासाही नाही.

सर्वांत जास्त घसरगुंडी होते ती सत्तीवर. चवड्यांवर चालत तंबूंपासून निसटणारा माणूस, हातात पाच तलवारी. ‘म्हणजे दुसरी कुणीतरी आहे!’ हा निष्कर्ष तिथल्या तिथे निघतो. चित्रात मात्र दोन तलवारी मागे जमिनीत रोवलेल्या राहिल्यात आणि माणूस वळून बघतोय. सगळं सांगायचं नाही आणि सगळं सोडायचंही नाही, असा हा अर्धवट माणूस आहे. तीन दिवस गप्प राहून मध्यरात्री हसरं चित्र धाडणाऱ्याशी तो जुळतो. फसवणुकीचा पुरावा मात्र नव्हे.

पाचांत चार तलवारी येण्याची शक्यता साधारण 320 मांडणींत एकदा. ऐकायला दुर्मीळ वाटतं. पण चार तलवारींऐवजी चार प्याले किंवा चार नाणी आली असती, तरी तितकंच नवल वाटलं असतं, म्हणजे आकडा 80 मांडणींत एकदा इतका खाली येतो. शिवाय एकाच प्रश्नासाठी दिवसातून दहादा पत्ते पिसणाऱ्याला आठवडाभरात असा घोळका दिसला, तर त्यात नवल नाही.

जुळतं म्हणून खरं, हेही सांभाळून घ्यावं. मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी 1948 साली 39 विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून वर्णनं वाटली. सगळ्यांना मजकूर एकच होता, तरी तो किती नेमका आहे याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. दुर्रीतली पट्टीवाली बाईही अशीच अनेक गप्प माणसांना शोभते. बंगळुरूत बसलेल्याचं मन पुण्यातल्या पत्त्यांना कळतं, असं मानायला आधार नाही. बोलायला निमित्त म्हणून चित्र उपयोगी पडतं, इतकंच.

मांडणीतला एकमेव परका पत्ता म्हणूनच मोलाचा. नाण्यांच्या छक्कीत हातात तराजू घेतलेला श्रीमंत माणूस उभा आहे आणि गुडघे टेकलेल्या दोघांपैकी एकाच्या हातात तो नाणी टाकतोय. किती द्यायचं, कधी द्यायचं, हे तोच ठरवतो. ‘नजरेआड’च्या जागी हा पत्ता पडल्यावर चांगला रीडर तिला साधा हिशेब विचारेल: गेल्या महिन्यात आधी मेसेज कुणी केला? भेट कुणी ठरवली, मोडली कुणी? याची उत्तरं तिच्या फोनमध्येच आहेत.

राणीच्या उजव्या हातात उभी तलवार आहे आणि डावा हात पुढे केलेला. वाचन इथे एका वाक्यावर येतं: ‘आपण पुढे जायचंय की नाही, हे मला रविवारपर्यंत सांग.’ रविवार उलटला आणि काहीच आलं नाही, तर स्पष्टीकरणासाठी सहावा पत्ता काढायचा नाही.