परमुलखातून घरच्या ग्राहकाला बिल
भाग ६ : चलन कोणतं आणि बँकेची कात्री कुणाच्या खिशाला?

मागच्या भागात काम, मुदत आणि मोबदला कागदावर कसा आणायचा ते पाहिलं. आता त्या मोबदल्याच्या आकड्यापुढे कोणतं चलन लिहायचं ते ठरवायचं आहे. आकडा ठरवताना घासाघीस होते, पण चलनाचा विषय बहुतेक वेळा कुणी काढतच नाही. पैसे कमी आले की मग तो निघतो.

समजण्यासाठी एक उदाहरण धरू. मूळची लातूरची एक मुलगी जर्मनीत लाइपझिगला राहते. तिथे तिची स्वतंत्र व्यावसायिक म्हणून रीतसर नोंदणी आहे. नांदेडच्या एका नीट क्लाससाठी ती जीवशास्त्राची चलचित्रं करून देते. ठरलेला मोबदला १,००० युरो. बिल गेलं, क्लासने बँकेत कागद दिले, आणि आठ दिवसांनी तिच्या खात्यात ९७५ युरो पडले. तिने फोन केला. क्लासच्या सरांचं उत्तर : "पूर्ण हजार पाठवलेत हो मॅडम, स्लिप पाठवतो, बघा." स्लिपवर खरंच हजार होते. दोघंही खरं बोलत होते. मग २५ युरो गेले कुठे?

पैसे नांदेडहून लाइपझिगला थेट जात नाहीत. क्लासचं खातं ज्या बँकेत आहे, ती आधी रुपयांचे युरो करते. बऱ्याच बँकांत नांदेडची शाखा फक्त कागद घेते आणि पुढचं काम मुंबई-पुण्याच्या परकीय चलन शाखेत होतं. भारतीय बँकेचं युरोतलं खातं युरोपातल्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं, त्यामुळे रक्कम त्या मधल्या बँकेमार्फत तिच्या बँकेत पोचते. मधली बँक आपलं शुल्क जाता जाता रकमेतूनच कापून घेते. शेवटची बँक परदेशातून आलेली रक्कम जमा करण्याचे पैसे घेते. आपल्या उदाहरणात मधलीने १५ आणि शेवटचीने १० युरो घेतले असं धरू.

हे शुल्क कुणी सोसायचं ते पाठवणाऱ्याच्या फॉर्मवर तीन अक्षरांत ठरतं. `OUR` म्हणजे सगळं पाठवणाऱ्याने भरायचं. `BEN` म्हणजे सगळं घेणाऱ्याच्या रकमेतून जाणार. `SHA` म्हणजे पाठवणाऱ्याने फक्त आपल्या बँकेचं भरायचं, पुढची कात्री घेणाऱ्याला. फॉर्म भरणाऱ्याने काही सांगितलं नाही, तर काउंटरवर बहुधा `SHA` वरच खूण होते. आपल्या क्लासचं तेच झालं.

हे ताडून पाहता येतं. सरांनी पाठवलेली स्लिप म्हणजे निघतानाचा संदेश. तो निघाला तेव्हा कात्री लागलेलीच नव्हती, म्हणून त्यावर हजारच दिसणार. तिने आपल्या बँकेकडे पोचलेल्या संदेशाची प्रत मागायला हवी. त्यात कामाच्या ओळी एवढ्याच :

```
:32A:260306EUR985,00
:33B:EUR1000,00
:71A:SHA
:71F:EUR15,00
```

पहिल्या ओळीत तारीख (२०२६, मार्च, ६) आणि प्रत्यक्ष पोचलेली रक्कम. दुसरीत पाठवणाऱ्याने सांगितलेली रक्कम. तिसरीत शुल्काची अक्षरं, चौथीत वाटेत कापलेले पैसे. उरलेले १० युरो या संदेशात नाहीत. ते तिच्या स्वतःच्या बँकेने घेतले आणि तिच्या खातेउताऱ्यात सापडतील. नोव्हेंबर २०२५ पासून बँकांचे आपसातले हे संदेश नव्या पद्धतीने जातात. त्यात याच तीन प्रकारांना `DEBT`, `CRED` आणि `SHAR` म्हणतात. ग्राहकाला मात्र अजूनही बऱ्याचदा जुन्या साच्यातली प्रत मिळते. दोन्हींचा अर्थ एकच.

आता कुणालाही वाटेल की बिलावर `OUR` लिहिलं की प्रश्न मिटला. तसं नाही. `OUR` साठी क्लासची बँक परदेशी बँकेचं शुल्क म्हणून ठरावीक रक्कम आधीच घेते. ती २,००० रुपये धरली तर १८ टक्के जीएसटीसह २,३६० होतात. एका युरोचा बाजारभाव सोयीसाठी १०० रुपये धरू. म्हणजे वाटेतले १,५०० रुपये वाचवायला क्लासने २,३६० मोजले. शिवाय तिच्या बँकेचं जमा-शुल्क तिच्या खात्याच्या अटींनुसार निघू शकतं, ते वेगळंच. म्हणून आधी क्लासने बँकेला `OUR` चा दर विचारावा. तो कात्रीपेक्षा जास्त असेल तर `SHA` ठेवून मोबदल्यातच १५-२० युरो वाढवून घेणं दोघांनाही स्वस्त पडतं. रक्कम मोठी असेल, किंवा ठरलेला आकडा नेमका पोचायलाच हवा असेल, तेव्हा `OUR` घ्यावं. काहीही ठरवा, पण बिलावर लिहा. बिल गप्प असेल तर या १५ युरोंवरून भांडण ठरलेलं.

एवढी चर्चा झालेलं मधल्या बँकेचं शुल्क या व्यवहारातला सगळ्यात मोठा खर्च नाहीच. मोठा खर्च भावात लपलेला असतो. बाजारभाव १०० असताना बँक क्लासला युरो १०२ ने विकते असं धरू. हजार युरोंवर २,००० रुपये गेले, आणि ते कुठल्याही पावतीवर शुल्क म्हणून दिसत नाहीत. चलन बदलण्यावरचा जीएसटी मात्र दिसतो. तो पूर्ण रकमेवर नसतो, नियमाने ठरवलेल्या छोट्या मूल्यावर असतो. पहिल्या लाखाचे १,००० रुपये आणि पुढच्या रकमेवर, १० लाखांपर्यंत, अर्धा टक्का असं ते मूल्य. १,०२,००० वर ते १,०१० होतं आणि त्याच्या १८ टक्के म्हणजे साधारण १८२ रुपये. सर पावतीवरच्या या १८२ रुपयांवर चिडतात आणि न दिसणारे २,००० सोडून देतात.

लपलेला भाव पकडायचा तर बँकेच्या डेबिट सूचनेवरचा दर त्या दिवशीच्या संदर्भ दराशी ताडून पाहावा. डॉलर, युरो, पाउंड आणि येनचे रुपयातले संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक काढायची. जुलै २०१८ पासून ते काम एफबीआयएल ही संस्था करते. फळ्यावरचा दर, ज्याला बँकवाले कार्ड रेट म्हणतात, तो शेवटचा नसतो. फॉर्मवर सही करण्याआधी "रेट किती लावणार, थोडा कमी करून मिळेल का" असं विचारलं, तर नियमित ग्राहकाला पुष्कळदा सवलत मिळते. सही झाल्यावर विचारून उपयोग नाही.

आता चलनाकडे येऊ. परदेश म्हटलं की आपल्याकडे तोंडात डॉलर येतो. लाइपझिगच्या मुलीने डॉलरमध्ये बिल केलं, तर नांदेडच्या बाजूला रुपयाचे डॉलर होणार आणि तिच्या बँकेत डॉलरचे युरो. दोनदा भाव, दोनदा कात्री, आणि वाटेत बहुधा न्यूयॉर्कची एखादी बँक वाढणार. दोघांपैकी कुणीच डॉलरमध्ये कमावत किंवा खर्चत नाही. तेव्हा तिसऱ्या मुलखाचं चलन नको, हे पक्कं.

उरले युरो आणि रुपया. युरोत बिल केलं तर भाव हलण्याची जोखीम क्लासवर. बिलाच्या दिवशी १०० असलेला युरो पैसे भरायच्या दिवशी १०४ झाला, तर सरांना ४,००० रुपये जास्त लागतात. रुपयात केलं तर तोच फटका तिला. मधला मार्ग असा : मोबदला रुपयात ठरवायचा आणि बिलाच्या तारखेच्या एफबीआयएल संदर्भ दराने त्याचे युरो करून बिलावर लिहायचे. वर्षभराचं काम असेल तर दर महिन्याच्या भावाची वध-घट तिची, बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतची क्लासची. मग सर बिल टेबलावर पाडून ठेवत नाहीत, कारण उशीर त्यांनाच महाग पडू शकतो.

चलन ठरलं की बिल किती वेळा करायचं तेही ठरवा. दर महिन्याचं बिल २५० युरोचं असेल तर २५ युरो कापले जाणं म्हणजे सरळ दहा टक्के. तीन महिन्यांचं एकच ७५० चं बिल केलं की तेच २५ युरो साडेतीन टक्क्यांच्याही आत येतात. जिथे सीएचं प्रमाणपत्र लागतं तिथे त्याची फीही वर्षात चारच वेळा.

पण बिल करण्याआधी तिने स्वतःला एक विचारायला हवं : हे पैसे खर्च कुठे होणार? लातूरच्या घराचा हप्ता तिच्याकडे असेल, आईवडिलांचा दवाखाना ती बघत असेल, तर नांदेडहून लाइपझिगला युरो आणून तेच परत रुपये करून लातूरला पाठवणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. तिने रुपयात बिल करावं आणि लातूरच्या आपल्या एनआरओ खात्यात घ्यावं. क्लास एनईएफटी करेल, मधली बँक नाही, भाव नाही, कात्री नाही. ही मिळकत जर्मनीच्या विवरणपत्रात मात्र दाखवावी लागते, आणि ती युरोत.

यात दोन पथ्यं आहेत. परदेशी राहायला गेल्यावर इथलं जुनं बचत खातं तसंच वापरता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. दुसरं, "बाबांच्या खात्यावर टाका" म्हणायचं नाही. आपल्याकडे ते सर्रास चालतं आणि तिथेच घोळ होतो. बिल मुलीचं, पैसे वडिलांना. क्लासचा हिशेबनीस वडिलांच्या पॅनवर रहिवाशाच्या दराने कर कापतो, ती रक्कम वडिलांचं उत्पन्न म्हणून आयकराच्या नोंदीत दिसते, आणि खरं काम करणारी अनिवासी असल्याने करकपातीचा नियमच वेगळा होता. नोटीस आली की क्लास आणि वडील दोघंही उत्तरं शोधत बसतात.

या कराचा आणि बँकेच्या कात्रीचा हिशेब एकात मिसळू नका. ९७५ आले तर बँकेकडे बघा. ९०० आले तर आधी क्लासने कर कापला का ते विचारा आणि त्याचं प्रमाणपत्र मागा. बँकेच्या कात्रीतले पैसे परत येत नाहीत. कापलेल्या कराचं श्रेय योग्य कागद असतील तर मिळू शकतं.

तेव्हा बिलावर मोबदल्याच्या खाली चार गोष्टी असू द्या : चलन, रुपयात ठरलं असेल तर कोणत्या तारखेचा संदर्भ दर, शुल्काची तीन अक्षरं, आणि वाटेत पैसे कापले गेले तर ते बिलाची थकबाकी धरायची की नाही. उदाहरणातल्या बिलात ही चौथी ओळ असती तर सरांच्या हजाराने बिल फिटलं की नाही, हे फोन न करताच दोघांना कळलं असतं.

(पुढच्या आठवड्यात : अनिवासी माणसाच्या बिलावरची करकपात, आणि तिथल्या करकार्यालयाचा रहिवासी दाखला.)