प्रयोगवहीवर यंत्राचा संशय

‘ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण भरले. फ्लास्कमधील आम्लात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले. फिकट गुलाबी रंग टिकताच रीडिंग नोंदवले.’ टायट्रेशनचा अहवाल असाच लिहायचा असतो; सगळा वर्ग जवळपास हीच वाक्ये लिहितो. एआयचे लेखन पकडणारी अनेक साधने मात्र पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो आणि वाक्यांची लांबी किती बदलते, हेच पाहतात. म्हणून प्रामाणिक अहवालही यंत्राच्या नावावर जाऊ शकतो. १८५७च्या उठावावरील निबंधात विशेषनामे, अवतरणे, स्वतःचा युक्तिवाद येतो. तिथे हा धोका कमी. दोन्हींना एकाच टक्केवारीने मोजणे मला सरळ अन्याय वाटतो. अहवालाबद्दल शंका असेल, तर विद्यार्थ्याकडून रीडिंगवरची आकडेमोड समोर करून घ्यावी.